दवाखान्यातल्या मैत्रिणीसाठी चार कडवी: सहा-सहा-सहा-चारची पद्धत

मागच्या पावसाळ्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण डेंग्यूने ॲडमिट होती, सात दिवस. पहिल्या दोन दिवसांत तिच्या फोनवर फुलांची चित्रं आणि "गेट वेल सून" इतके आले की तिने फोन सायलेंट करून उशीखाली ठेवला, हे मला तिच्या बहिणीने सांगितलं. मला तिला काहीतरी पाठवायचं होतं, ज्याने तिला बरं वाटेल पण ज्याचं ओझं होणार नाही, म्हणून मी चार कडवी लिहिली. पहिला प्रयत्न चुकला, दुसरा जमला. त्यानंतर दोघांतिघांनी विचारलं की असं कसं लिहायचं, आम्ही तर कधी कविता केलेली नाही, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहिते आहे. ज्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही त्यांनाही तासाभरात जमेल असं आहे, फक्त बोटं मोजता आली पाहिजेत.

१. आधी सोबतीला बसलेल्या माणसाला फोन करा

कागद घ्यायच्या आधी हे करा. पेशंटला नाही, सोबत कोण आहे त्याला. आणि "काय झालंय, डॉक्टर काय म्हणतात" हे विचारायला नाही, ते त्यांनी पन्नास जणांना सांगून झालेलं असतं. विचारायचं ते हे: ती पडल्या पडल्या काय बघते? दिवसात तिला सगळ्यात कंटाळा कशाचा येतो? आणि ती जागी आणि जरा बऱ्या मूडमध्ये कधी असते?

मला तिच्या बहिणीने सांगितलं की सलाईन इतकी हळू चाललीय की ती थेंब मोजत बसते, पहाटे पाचला सिस्टर रक्त घ्यायला येतात आणि रिपोर्ट दुपारी येतो, तोपर्यंत कुणीच काही बोलत नाही, आणि संध्याकाळी साडेचारच्या चहानंतर तासभर ती बरी असते. बास, एवढ्यात माझी निम्मी कविता झाली होती, फक्त मला ते तेव्हा कळलं नाही आणि मी ते बाजूला ठेवून आपल्या मनचं लिहायला बसले.

या फोनमध्ये अजून एक गोष्ट नक्की विचारून घ्या, की आत्ता आजार कुठल्या टप्प्यावर आहे. का ते पुढे येईलच, मी तिथेच फसले.

२. साचा घ्या: सहा, सहा, सहा, चार

मुक्तछंदात लिहू नका असं मी नवीन माणसाला सांगते. मुक्तछंद सोपा वाटतो पण तिथे थांबायचं कुठे हे कळत नाही आणि मग आपण भाषण देत सुटतो. साचा असला की तो आपल्याला कमी बोलायला लावतो, आणि आजारी माणसाला कमीच बोलणं झेपतं.

आपल्याकडे कानात आधीच बसलेला साचा आहे, अभंगाचा. "सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया" हे म्हणून बघा आणि बोटांवर अक्षरं मोजा. सुं-द-र-ते-ध्या-न सहा, उ-भे-वि-टे-व-री सहा, क-र-क-टा-व-री सहा, ठे-वो-नि-या चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, विटेवरी-कटावरी, पहिला आणि चौथा मोकळे. एवढाच नियम.

मोजायचं कसं ते एकदा नीट बघून घ्या कारण नवीन माणूस इथेच अडकतो. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे "रक्त" हे र-क्त, दोन. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, "थेंब" दोनच. ऱ्हस्व-दीर्घाचा काही संबंध नाही, ते दुसऱ्या प्रकारच्या वृत्तांत लागतं. आणि अक्षर लिहिलेलं मोजायचं, बोललेलं नाही. आपण "सलाईन" बोलताना शेवटचा न अर्धाच म्हणतो पण इथे ते स-ला-ई-न असे चार. "सिस्टर" सि-स्ट-र, तीन. "प्लेटलेट" चार. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना जरा जपून, कारण वाचणारी गाऊन वाचणार नाहीये, मनात वाचणार आहे, आणि एका ओळीत असे दोन शब्द आले की मोजणी बरोबर असूनही ओळ आखूड लागते. ओळीत एकच ठेवा, म्हणजे बाकीचे शब्द ताल धरून ठेवतात.

आता मी हाच साचा का निवडला ते सांगते. ते शेवटचं चार अक्षरांचं टोक. सहा-सहा-सहा म्हणत आपण चढत येतो आणि मग एकदम चारच मिळतात, त्यामुळे आवाज आपोआप खाली येतो. तिथे "जिंकशील तू नक्कीच" वगैरे बसतच नाही. उसना उत्साह हा नेहमी लांब ओळीत शिरतो, चार अक्षरांत त्याला जागाच नसते.

भीती एकच, अभंगाचा ताल आहे म्हणून ते भजनासारखं वाटेल का? शब्द घरातले ठेवले तर नाही वाटत. विठ्ठल, नाम, कृपा हे शब्द आले की मात्र लगेच टाळ वाजायला लागतात, आणि दवाखान्यात पडलेल्या माणसाला अचानक भजन आलं तर तो घाबरतो, की माझं नक्की काय चाललंय. ती स्वतः वारीला जाणारी असेल तर गोष्ट वेगळी.

३. पहिला खर्डा, आणि तो का फाडला

हे मी पहिलं लिहिलेलं कडवं:

ताप पळाला गं
आता काय भीती
प्लेटलेट किती
वाढतील

मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार अगदी बरोबर आहे, भीती-किती यमक पण आहे. मला तर फारच आवडलं होतं आणि मी ते पाठवलं. संध्याकाळी तिचा फक्त एक अंगठा आला. रात्री बहिणीचा फोन, की त्या दुपारचा काउंट ३८ हजार आलाय, सकाळपेक्षा कमी, आणि डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलंय.

डेंग्यूत हे असंच असतं, मला माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं ताप उतरला म्हणजे सुटलो, पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजीची वेळ सुरू होते, साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी, आणि ती एक-दोन दिवस चालते. त्या काळात रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपू शकतं, प्लेटलेट खाली जातात, म्हणून तर ताप नसतानाही सोडत नाहीत, सलाईन चालू ठेवतात, सारखं बीपी बघतात, लघवी मोजतात. नॉर्मल प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख असतात, त्यामुळे ३८ हजार वाचून मी हादरलेच, ती तर तिथे तो आकडा उशाशी घेऊन पडली होती. आणि तिला माझी कविता सांगत होती "आता काय भीती".

म्हणजे साचा बरोबर होता आणि कविता चूक होती. यातून मी जे धरलं ते असं, की कवितेत पुढचं भविष्य सांगायचं नाही. "वाढतील", "होशील", "जाईल", "येशील" असा भविष्यकाळ आला की तो शब्द उचलून बघायचा की हे मला खरंच ठाऊक आहे का. बहुतेक वेळा नसतंच. आत्ता जे आहे तेवढंच लिहायचं, ते उद्याही खोटं ठरत नाही.

४. एका कडव्यात एकच वस्तू

दुसऱ्यांदा बसले तेव्हा बहिणीने सांगितलेलं समोर ठेवलं. थेंब मोजते. बरं, मग थेंबापासून सुरू करू. "थेंब थेंब चाले", सहा. "सलाईन हळू", सहा. आता हळूला यमक हवं: पळू, वळू, गळू, जळू. गळू आणि जळू तर दवाखान्यात नकोतच, वळू पण नको. पळू राहिलं. "तूही पळ" असं लिहायला गेले आणि थांबले, कारण ती दोन दिवस बेडवरून उतरली नव्हती. मग ते उलटं केलं, "तूही नको पळू". आणि चार अक्षरं, कशासाठी नको पळू, तर "बरी व्हाया".

थेंब थेंब चाले
सलाईन हळू
तूही नको पळू
बरी व्हाया

हे झालं आणि मला स्वतःलाच बरं वाटलं, कारण सगळे तिला "लवकर बरी हो" सांगत होते. ते प्रेमाने सांगतात पण पडलेल्या माणसाला ते काम दिल्यासारखं लागतं, की अजून झाली नाहीस का. यमकाने मला उलटं बोलायला लावलं, तुझ्या वेगाने हो. "व्हाया" हा शब्द आमच्या आजीच्या बोलण्यातला, "व्हायला" लिहिलं तर पाच अक्षरं होतात आणि टोक लांबतं. तुमच्याकडे "होण्या" म्हणत असतील तर तेही बसतं.

दुसरं कडवं पहाटेच्या रक्तावर. इथे मोह होता सिस्टरची गंमत करायचा, पण ती बाई रात्रपाळी करून पाचला उठवायला येते, तिची चेष्टा कशाला, आणि पेशंट दिवसरात्र तिच्याच भरवशावर असतो. हलकं लिहायचं असेल तर चेष्टेचा नेम बघा. सुई, स्टँड, कॅन्टीनची खिचडी, डास यांच्यावर चालते. तिच्या शरीरावर, वजनावर, गाऊनवर, आणि तिची सेवा करणाऱ्यांवर नाही. तर ते मी गंमत न करता नुसतं मांडलं:

पहाटेची सुई
रक्त थोडं नेते
उत्तर ते येते
दुपारला

यात काहीच नाहीये, सल्ला नाही, धीर नाही. पण पहाट ते दुपार ही जी वाट बघण्याची वेळ आहे ती मला माहीत आहे, एवढं तिला कळतं. आधी मी चौथ्या ओळीत "चांगलं ते" लिहिलं होतं, म्हणजे उत्तर चांगलं येतं. चार अक्षरं, बसत पण होतं. पण ३८ हजाराच्या दिवशी ते खोटं झालं असतं, म्हणून काढलं.

५. बाहेरची एक बातमी, तिच्यावर ठपका न येता

नुसतं दवाखान्याचंच लिहिलं तर ती आणखी आत कोंडली जाते, म्हणून एक कडवं बाहेरचं असावं. छोटी घरगुती बातमी, पार्टी किंवा ट्रिप नाही, की बघ आम्ही कुठे गेलो.

माझ्या डोक्यात कुंडीखालची बशी आली. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. बशी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागते, अंडी कडेला चिकटून राहतात. मी तिच्या घरी जाऊन तिच्या कुंड्यांच्या बशा ओतून घासून आले होते, म्हणून लिहिलं "तुझ्या कुंडीची मी, बशी रिती केली".

मग नवऱ्याला वाचून दाखवलं आणि तो म्हणाला, "अगं, हे म्हणजे तुझ्याच घरात डास झाले असं सांगितल्यासारखं झालं." आणि खरंच की. तो डास कुठला होता कुणाला माहीत, दिवसा चावतो, ऑफिसातला असेल, बसस्टॉपवरचा असेल. एक शब्द बदलला:

माझ्या कुंडीची मी
बशी रिती केली
डासांची ती गेली
पाणपोई

ठपका गेला, आणि मी खरंच माझ्याही बशा घासल्या होत्या, तेव्हा खोटंही नाही. पाणपोई हा शब्द केली-गेलीच्या मागोमाग आपोआप आला, चार अक्षरं शोधताना. हसू आलं तर इथेच येतं, आणि ते डासांवर येतं.

ठपका फार चोरपावलाने शिरतो, म्हणून प्रत्येक कडवं एकदा या नजरेने वाचा. "जपत जा गं आता", "किती धावपळ करायचीस", "पाणी पीत जा" यात सगळ्यात काळजी आहे पण ऐकणारीला ऐकू येतं की माझ्यामुळे झालं. पायाचं हाड मोडलेल्याला "बघून चाल" हे तसंच.

६. शेवट तिला मोकळं करणारा

शेवटच्या कडव्यात बहुतेक जण "भेटू लवकर" किंवा "वाट बघते" लिहितात. वाट बघणं म्हणजे परत तिच्यावर काम. मला उलट तिला उत्तर द्यायच्या कामातून सोडवायचं होतं, कारण तिच्या एका हाताला सलाईनची सुई, टाइप करायचं तर डाव्या हाताने, आणि साठ मेसेज पडलेले.

फोन ठेव दूर
रिप्लाय राहू दे
झोपेला येऊ दे
उशीपाशी

आधी "उत्तर राहू दे" होतं, पण दुसऱ्या कडव्यात रिपोर्टचं "उत्तर" येऊन गेलंय, मग गोंधळ होतो. "रिप्लाय" आपण बोलतोच, रि-प्ला-य तीन अक्षरं, बरोबर बसला. तिथे शुद्ध मराठीचा हट्ट धरू नका, तुम्ही दोघी फोनवर जशा बोलता तसं असू दे. "गं", "अगं", "तू" जे नेहमीचं असेल ते. बॉसला किंवा काकांना लिहायचं असेल तर "तुम्ही" ने अक्षर वाढतं आणि क्रियापदं पण बदलतात, "नको पळू" चं "नका पळू" होतं, अख्खी कविता परत मोजावी लागते, नुसता शब्द बदलून पाठवू नका.

चारच कडवी. पाचवं सुचलं तर वहीत ठेवा.

७. मोठ्याने वाचा, मग रात्रभर ठेवा

मोठ्याने म्हणताना कुठे जीभ अडते बघा. अडली की दोन कारणं असतात, एकतर अक्षर कमी-जास्त झालंय नाहीतर शब्द दोन तुकड्यांत मोडलाय. अर्थ ओळीपुरता पूर्ण व्हायलाच हवा असं नाही, पण शब्द मोडू नये.

मग पाठवायच्या आधी सोबतच्या माणसाला परत एक फोन, आज कसं आहे. माझं दुसरं पाठवायचं होतं त्या दिवशी काउंट अजून तिथेच होता, मी बहिणीला विचारलं पाठवू का, ती म्हणाली यात घाबरवणारं काही नाही, पाठव. आयसीयूत नेलं असतं तर मी डासांचं कडवं काढून पहिलं आणि शेवटचं एवढंच पाठवलं असतं. प्रत्येक कडवं सुटं उभं राहील असं लिहिलं की हा फायदा होतो. आणि जिथे अजून नक्की काय झालंय तेच कळलेलं नाही, तपासण्या चालू आहेत, किंवा मोठं दुखणं निघालंय, तिथे हलकं कडवं ठेवूच नका. नुसतं थेंबाचं एक पुरतं, तेही जवळच्या माणसाने वाचून दाखवावं.

८. पाठवायचं कसं

चार ओळी चार ओळींतच पाठवा, एका लांब ओळीत स्वल्पविराम टाकून नको, पडल्या पडल्या वाचताना नजर ओळ चुकते. मागेपुढे फुलं, हात जोडलेले, हसरे चेहरे काही नको, नाहीतर तिला आधीच्या साठ मेसेजमधलाच एक वाटतो. ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे टाकली की चाळीस जण "वा वा" करतात आणि ती कविता तिची राहत नाही. वेळ साडेचारच्या चहानंतरची, बहिणीने सांगितलेली. फोन वापरू देत नसतील तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डब्याच्या पिशवीतून पाठवा. शाई पेनाने नको, डब्याच्या वाफेने फुटते, बॉलपेन बरं.

मी पावणेपाचला पाठवली. निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, जे मीच सांगितलं होतं, तरी माझा जीव रात्रभर थोडा वर-खाली झालाच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, एका हाताने टाइप केलेला, सगळे काना-मात्रा चुकलेले: "५२ हजार. आणि शेजारच्या काकूंना पाणपोई पाठ झालीय."